स्पे केलेली कुत्री झोपेत लघवी गळते तेव्हा: गोळीच्या आधी काय करायचं, गोळी कशी सुरू करायची, कशी कमी करायची

माझ्याकडे येणाऱ्या दर दोन-तीन अशा केसमध्ये एक तरी अशी असते की गोळी चालू आहे, पण गळती तशीच आहे. चौकशी केली की कळतं, गोळी सुरू करण्याआधी लघवी तपासलीच नव्हती. कुणी फोनवर विचारून औषध आणलेलं असतं, कुणी शेजाऱ्यांच्या कुत्रीची उरलेली पट्टी. औषध वाईट नसतं, क्रम चुकलेला असतो. म्हणून इथे फक्त क्रम लिहितो आहे. स्पे म्हणजे पिल्लं होऊ नयेत म्हणून अंडाशय काढण्याचं ऑपरेशन झालेली, साधारण मध्यमवयीन किंवा म्हातारी कुत्री, दिवसभर नीट लघवी करणारी आणि झोपेत मात्र अंथरूण ओलं करणारी, हा एकच प्रकार धरला आहे.

नेमकं काय होतं, ते दोन ओळींत. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि मूत्रमार्गात स्नायूंची एक आवळणारी पकड असते. अंडाशय काढल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि ही पकड हळूहळू सैल पडते. जागेपणी ती कशीबशी धरून ठेवते. झोपेत शरीर सैल झालं आणि आडवं पडून मूत्राशयावर दाब आला की थेंब थेंब सुटतं. कुत्रीला ते कळतही नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांतही हे होऊ शकतं आणि दहा वर्षांनीही. वीस किलोच्या वरच्या मोठ्या कुत्र्यांत जास्त दिसतं. डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर या जातींत आणखी.

## टप्पा १: गळती आहे की दुसरं काही, ते डोळ्यांनी ठरवा

एक आठवडा नीट पाहा. कुत्री झोपते तिथे जुनी पांढरी चादर घाला. रंगीत गोधडीवर डाग कळत नाही आणि वास आला की सगळं 'तिथेच कुठेतरी केलंय' म्हणून सोडून दिलं जातं. सकाळी उठताच डाग पाहा. तो बरोबर मागच्या बाजूच्या खाली, बशीएवढा किंवा ताटाएवढा असेल, शेपटीखालचे केस ओले असतील आणि कुत्री स्वतःच उठून ती जागा हुंगून चकित होत असेल, तर ही झोपेतली गळती आहे.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.

- ती उठून दाराशी जाते, थांबते आणि मग दाराजवळच करते. ही गळती नाही. तिला रोखून धरता आलेलं नाही किंवा लघवीच जास्त होते आहे.
- वारंवार बसते, थोडंथोडं करते, कुंथते, लघवीत रक्त दिसतं. मूत्राशयाची सूज, खडा किंवा गाठ असू शकते.
- चालतानाही थेंब पडतात, शेपूट लुळी आहे, मागचे पाय घासत चालते, नखं झिजली आहेत. मणक्याचा प्रश्न असू शकतो आणि त्यात वेळ घालवायचा नसतो.
- लघवीला बसते, पण काही होतच नाही. हे तातडीचं आहे.
- पिल्लू असल्यापासून गळते. तिथे जन्मजात दोषाचा विचार आधी करायचा असतो.

चूक: ओलं अंथरूण दिसलं की ओरडणं किंवा नाक घासून दाखवणं. झोपेत झालेली गोष्ट तिला माहीतच नाही. ती त्यातून काहीच शिकत नाही, फक्त तुमच्यापासून लांब झोपायला लागते आणि मग तुम्हाला डाग दिसेनासे होतात.

पाहणी करताना वहीत तीनच गोष्टी लिहा: तारीख, डाग होता की नाही, आणि किती मोठा (रुपयाएवढा, बशीएवढा, ताटाएवढा). पुढे गोळी कमी-जास्त करताना ही वही रिपोर्टपेक्षा जास्त कामाला येते.

## टप्पा २: पाणी मोजा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात आणि बहुतेक चुकीची औषधं याच्यामुळे सुरू होतात. 'नेहमीइतकंच पिते' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. मोजल्यावर आकडा वेगळाच निघतो.

पद्धत अशी. सकाळी आठ वाजता एक लिटरची बाटली मोजून भरा आणि तिच्यातूनच भांड्यात ओता. भांडं रिकामं होत आलं की पुन्हा त्याच बाटलीतून ओता आणि किती ओतलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भांड्यात उरलेलं मोजून वजा करा. असं सलग तीन दिवस करा आणि सरासरी काढा. मग मिलिलिटरला किलोतल्या वजनाने भागा.

- साधारण ५० ते ६० मिली प्रतिकिलो किंवा त्याहून कमी: ठीक.
- ८० च्या आसपास: संशयास्पद. लघवीची तपासणी नीट करून घ्या.
- १०० च्या वर: कुत्री पाणी जास्त पिते आहे. झोपेतली गळती हा त्याचा परिणाम असू शकतो. इथे गळतीची गोळी सुरू करायची नाही, कारण शोधायचं.

तपासा: बाथरूमचं दार बंद होतं का? बादलीतलं, कुंडीखालच्या बशीतलं, गॅलरीत साचलेलं पाणी मोजमापाच्या बाहेर राहतं. घरात दुसरा कुत्रा असेल तर तीन दिवस भांडी वेगळी ठेवा आणि पिताना जवळ थांबा. पातळ वरण-भात, ताक किंवा पेज देत असाल तर तेही पाणीच आहे, आकड्याजवळ लिहून ठेवा. मे महिन्यातलं मोजमाप जुलैतल्यापेक्षा जास्त येणारच.

जास्त पाणी पिण्यामागे मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार, रक्तातलं वाढलेलं कॅल्शियम अशी कारणं असतात. काही औषधंही तहान वाढवतात. खाजेसाठी दिलेलं प्रेडनिसोलोन यात सगळ्यात जास्त सापडतं. घरच्यांना ते औषध 'खाजेचं' वाटतं, म्हणून सांगायचं राहून जातं. फिट्सची फिनोबार्बिटोन आणि हृदयाची फ्युरोसेमाइडही याच यादीत. चालू असलेली प्रत्येक गोळी, मलम, धुण्याचं औषध कागदावर लिहून न्या. पट्ट्या मोबाइलवर फोटो काढून आणल्या तरी चालेल.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पकड थोडी सैल असूनही कित्येक कुत्र्या वर्षानुवर्षं कोरड्या राहतात. मग म्हातारपणी मूत्रपिंड थकतं, लघवी वाढते आणि तीच पकड अपुरी पडते. म्हणजे दोन्ही कारणं एकत्र असू शकतात. तरी आधी मोठं कारण हाताळायचं, नाहीतर नळ घट्ट करत बसतो आणि टाकी भरून वाहत राहते.

चूक: रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवणं. अंथरूण कोरडं राहील या आशेने हे सर्रास केलं जातं. मूत्रपिंडाच्या किंवा मधुमेहाच्या कुत्रीत यामुळे दोन दिवसांत शरीरातलं पाणी धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. पाणी कायम समोर असू द्या. रात्री झोपायच्या ऐन आधी तिला खाली नेऊन आणा, तेवढं पुरतं.

## टप्पा ३: लघवीचा नमुना नीट घ्या

रात्रभर साठलेली, सकाळची पहिली लघवी घ्यायची. फिरायला नेताना एक स्वच्छ, कोरडा आमटीचा डाव बरोबर ठेवा. साबणाने धुऊन पूर्ण वाळवलेला हवा, कारण साबणाचा अंश राहिला की रिपोर्ट बिघडतो. ती बसली की मागून हळूच सरकवा. घाई केली की उठते, म्हणून पहिले दोन-तीन थेंब जाऊ द्या. मोठ्या चमचाभर जमलं तरी चालतं. झाकणाच्या कोरड्या बाटलीत ओता आणि एका-दोन तासांत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.

या नमुन्यावर पहिल्यांदा पाहायचं ते विशिष्ट घनता, म्हणजे लघवी पाण्यापेक्षा किती दाट आहे ते. ती रिफ्रॅक्टोमीटर या थेंबभर लघवीवर घनता दाखवणाऱ्या उपकरणाने मोजून घ्या. १.०३० किंवा त्याहून जास्त आली तर मूत्रपिंड पाणी नीट धरून ठेवतंय. १.०२० पेक्षा कमी आली, तर एकदा पुन्हा मोजा. पुन्हाही कमी असेल तर टप्पा दोनकडे परत जा. साखर आणि प्रथिनंही याच नमुन्यावर बघितली जातात.

सावध: माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमधली, लघवीत बुडवून रंग पाहायची पट्टी कुत्र्याच्या लघवीची घनता आणि पांढऱ्या पेशी भरवशाने सांगत नाही. पट्टीवर 'नॉर्मल' आलं म्हणून थांबू नका आणि पट्टीवर पेशी दिसल्या म्हणून संसर्गच आहे असं समजू नका.

संसर्ग आहे का हे ठरवायला कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहणं, लागतं. त्याचा नमुना डावाने घेतलेला चालत नाही, कारण त्यात कातडीवरचे जंतू येतात. डॉक्टर पोटावरून बारीक सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात. ऐकायला भीती वाटते, पण बऱ्याच कुत्र्या इंजेक्शनला जेवढ्या हलतात त्याहून जास्त हलत नाहीत. सोनोग्राफी लावून करतात, त्यामुळे खडा किंवा गाठ आहे का हेही त्याच वेळी दिसून जातं.

संसर्ग निघाला तर आधी तो पूर्ण बरा करायचा. गळणाऱ्या कुत्रीत संसर्ग सहज होतो, त्यामुळे तो कारणही असू शकतो आणि परिणामही. औषध संपल्यावर एक आठवडा पुन्हा पांढरी चादर घालून पाहा. काहींची गळती इथेच थांबते.

चूक: 'पाच दिवस अँटिबायोटिक देऊन बघू.' कल्चर न करता दिलेल्या अँटिबायोटिकने गळती योगायोगाने कमी-जास्त होते. मग आठ महिने दर दोन महिन्यांनी तेच अँटिबायोटिक चालू राहतं आणि जंतू त्याला दाद देईनासे होतात.

याच भेटीत रक्त तपासून घ्या (मूत्रपिंड, यकृत, साखर) आणि बीपी मोजून घ्या. बीपी का, ते टप्पा पाचमध्ये येईल. म्हातारी कुत्री असेल तर डॉक्टरांना मागच्या पायांची आणि पाठीची तपासणीही करायला सांगा. सांधे दुखत असतील तर ती रात्री उठायचं टाळते आणि ते गळतीसारखं दिसतं.

## टप्पा ४: एस्ट्रिऑल, सुरुवात आणि उतरण

पाणी ठीक, घनता ठीक, कल्चर स्वच्छ, आणि डाग झोपण्याच्या जागीच. इथवर आलात तरच गोळीची वेळ. स्पे केलेल्या मादीत बरेच डॉक्टर एस्ट्रिऑलपासून सुरू करतात. हे कमी वेळ टिकणारं इस्ट्रोजेन आहे. मूत्रमार्गाच्या स्नायूंवर आणि आतल्या अस्तरावर त्याचा परिणाम होतो आणि ते दिवसातून एकदाच द्यायचं असतं. युरोपात कुत्र्यांसाठी त्याला २००० साली परवानगी मिळाली, अमेरिकेत २०११ साली. कुत्र्यांचीच गोळी मिळाली नाही, तर एस्ट्रिऑलची माणसांची १ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टर लिहून देतात. चिठ्ठीशिवाय आणू नका, कारण दुकानात इस्ट्रोजेनच्या नावाने दुसरीही औषधं मिळतात आणि त्यांची मात्रा वेगळी असते.

दोन गोष्टींची मनाशी गाठ मारा. ही मात्रा वजनावर ठरत नाही, कुत्रीमागे ठरते. आठ किलोच्या आणि चाळीस किलोच्या कुत्रीला सुरुवात सारखीच. दुसरं, ही गोळी फक्त ऑपरेशन झालेल्या मादीसाठी आहे. ऑपरेशन न झालेल्या मादीला द्यायची नाही, आणि पाणी जास्त पिणाऱ्या कुत्रीलाही नाही. टप्पा दोनचा आकडा इथे पुन्हा उपयोगी पडतो.

साधारण क्रम असा असतो, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला वेगळा असेल तर तोच पाळा.

1. रोज १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, रोज त्याच वेळी, थोड्या खाण्याबरोबर. एक ते दोन आठवडे वही लिहा.
2. फरक पडला नाही तर डॉक्टर २ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. त्याहून वर जायचं नाही. इतक्यानेही काहीच होत नसेल, तर निदान पुन्हा तपासायचं.
3. कोरडी राहू लागली की रोज अर्धा मिलिग्रॅम. पुन्हा एक-दोन आठवडे वही.
4. तेही टिकलं तर एक दिवसाआड अर्धा मिलिग्रॅम.
5. गळती पुन्हा दिसली की शेवटच्या कोरड्या पायरीवर परत. तीच तिची मात्रा.

चूक: कोरडी दिसली म्हणून गोळी एकदम बंद करणं. एस्ट्रिऑल पकड धरून ठेवतं, दुरुस्त करत नाही. बंद केलं की बहुतेक कुत्र्या काही दिवसांत पुन्हा गळतात आणि घरचे म्हणतात 'औषध काम करेनासं झालं'. बऱ्याच जणींना कमीत कमी मात्रा आयुष्यभर लागते.

चूक: एक दिवस विसरली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या. असं करू नका, पुढच्या वेळेला एकच द्या.

सुरुवातीच्या दिवसांत योनीभोवती सूज, स्तनांचा फुगवटा, थोडी उलटी किंवा नर कुत्र्यांचं आकर्षण दिसू शकतं. मात्रा कमी केली की हे ओसरतं. योनीतून रक्तस्राव, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा अंगावर नीलसर डाग दिसले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा. घरात कुणी गरोदर असेल तर गोळी तिने हाताळू नये, निदान हातमोजे घालून द्यावी आणि नंतर हात धुवावेत.

एका केसचा हिशेब पाहू. नऊ वर्षांची पिवळी लॅब्राडोर, नाव राणी, वजन ३१ किलो. ऑपरेशन एका वर्षाची असताना झालेलं. घरच्या काकूंनी आधी पंधरा दिवस रात्रीचं पाणी बंद केलं होतं, ते मी पहिल्यांदा सुरू करायला सांगितलं. तीन दिवसांचं पाणी निघालं १६००, १५०० आणि १७०० मिली, म्हणजे सरासरी १६००. भागिले ३१, साधारण ५२ मिली प्रतिकिलो. लघवीची घनता १.०३८, कल्चर स्वच्छ, बीपी ठीक. आठवड्यात सातपैकी सहा रात्री डाग, बहुतेक ताटाएवढे.

रोज १ मिलिग्रॅम सुरू केलं. पहिल्या चार रात्री काहीच फरक नव्हता आणि काकूंनी फोन केला. थांबायला सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात सातपैकी एकच रात्र, तीही रुपयाएवढा डाग. दहाव्या दिवशी योनीला किंचित सूज दिसली, आणि सोसायटीतला एक बीगल तिच्या मागे लिफ्टपर्यंत येऊ लागला, हे काकूंनी थोडं हसत, थोडं संकोचत सांगितलं. अर्ध्या मिलिग्रॅमवर आणल्यावर सूजही गेली आणि बीगलचा उत्साहही. तीन आठवडे कोरडी. मग एक दिवसाआड करून पाहिलं, आणि पाचव्या रात्री बशीएवढा डाग. पुन्हा रोज अर्धा मिलिग्रॅम. तेव्हापासून तेवढ्यावरच आहे.

दुसरी केस याच्या उलट. चोवीस किलोची जर्मन शेफर्ड मिश्र. दुसरीकडून दोन महिने एस्ट्रिऑल चालू होतं आणि फरक शून्य. पाणी मोजलं तर ३१०० मिली, म्हणजे जवळपास १२९ मिली प्रतिकिलो. घनता १.००८. पोट सुटलेलं, पाठीवरचे केस विरळ. पुढच्या तपासणीत कुशिंग निघाला. त्याचा इलाज सुरू झाल्यावर अंथरूण कोरडं झालं, एस्ट्रिऑल बंद करूनही. त्या दोन महिन्यांत गोळीने काही बिघडवलं नाही, पण आजार तेवढा पुढे गेला.

## टप्पा ५: एस्ट्रिऑल पुरलं नाही किंवा चालत नसेल तर फेनिलप्रोपॅनॉलामीन

हे औषध इस्ट्रोजेन नाही. मूत्रमार्गाच्या स्नायूंना आवळायला सांगणाऱ्या चेतांचा परिणाम ते वाढवतं. बहुतेक कुत्र्यांत काही दिवसांतच फरक दिसतो. मात्रा वजनावर ठरते, साधारण १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून दोनदा किंवा तीनदा, औषध कोणत्या स्वरूपात आहे त्यावरून डॉक्टर ठरवतात. परिणाम काही तासांपुरता असतो, त्यामुळे एक डोस चुकला की त्याच रात्री गळते. सकाळ-संध्याकाळची वेळ घड्याळावर पाळता येत नसेल, तर हे औषध निवडू नका, असं मी सरळ सांगतो.

हेच औषध रक्तवाहिन्याही आवळतं, म्हणून बीपी आधी मोजायचं, आणि सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा. मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, आधीच वाढलेलं बीपी किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टर ते टाळतात किंवा फार जपून वापरतात. बेचैनी, खाणं कमी होणं, छाती धडधडणं, रात्री फेऱ्या मारणं दिसलं तर कळवा.

सावध, गोचीडाचं औषध: अमिट्राझ असलेलं धुण्याचं औषध किंवा पट्टा चालू असेल तर फेनिलप्रोपॅनॉलामीन देऊ नका. दोन्ही मिळून बीपी धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. आपल्याकडे गोचीडासाठी अमिट्राझ सर्रास वापरतात आणि ते 'औषध' म्हणून कुणी डॉक्टरांना सांगत नाही. म्हणूनच टप्पा दोनमध्ये धुण्याचं औषधही लिहायला सांगितलं. म्हातारपणी दिली जाणारी सेलेजिलीन ही गोळीही याच गटात मोडते.

सावध, सर्दीची गोळी: माणसांच्या काही सर्दीच्या गोळ्यांत फेनिलप्रोपॅनॉलामीन असतं किंवा असायचं, म्हणून 'तीच अर्धी देऊ का' असं विचारलं जातं. देऊ नका. त्या गोळ्यांत पॅरासिटामॉल, कॅफीन आणि इतर घटक मिसळलेले असतात आणि कुत्र्याला ते विषारी ठरू शकतात. माणसांत मेंदूतल्या रक्तस्रावाच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली कंपन्यांना हे औषध असलेली उत्पादनं मागे घ्यायला सांगितलं. एकट्या घटकाचं, कुत्र्यांसाठी बनवलेलं औषध तुमच्या शहरात सहज मिळेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. निम्म्यात संपलं तर फजिती होते.

एकट्या एस्ट्रिऑलने किंवा एकट्या फेनिलप्रोपॅनॉलामीनने पूर्ण कोरडेपणा आला नाही तर डॉक्टर दोन्ही एकत्र देऊन पाहतात. तो निर्णय स्वतः घेऊ नका. दोन औषधं एकाच दिवशी सुरू केली तर उपयोग कशाचा आणि त्रास कशाचा हे कधीच कळत नाही. एक जमलं की मग दुसरं.

## टप्पा ६: औषधांनी नाही भागलं तर

अशा कुत्र्या थोड्याच असतात. त्यांच्यासाठी मूत्रमार्ग पोटाच्या भिंतीशी टाके घालून वर ओढण्याची शस्त्रक्रिया, मूत्रमार्गाच्या भिंतीत कोलॅजनसारखा पदार्थ टोचून आतली वाट अरुंद करणं, किंवा मूत्रमार्गाभोवती फुगवता येणारी छोटी कडी बसवणं असे मार्ग आहेत. कोलॅजनचा परिणाम बहुधा काळाबरोबर ओसरतो, मग पुन्हा टोचावं लागतं. कडीत मूत्रमार्ग जास्त आवळला जाण्याचा धोका असतो. ही कामं मोठ्या शहरांतल्या किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयांतल्या अनुभवी सर्जनकडेच विचारा. जाताना वही, पाण्याचे आकडे, कल्चरचा रिपोर्ट आणि कोणती मात्रा किती दिवस दिली याचा कागद न्या. तो नसेल तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

शस्त्रक्रियेआधी वजनही पाहा. राणीसारख्या जाड कुत्रीत पोटातली चरबी मूत्राशयावर दाब देते. फासळ्या बोटांनी सहज लागत नसतील, तर तीन-चार महिन्यांत हळूहळू वजन उतरवा. पोळीचे तुकडे आणि बिस्किटं बंद केली की पुष्कळदा तेवढ्यानेच सुरुवात होते. राणीचं सहा महिन्यांत ३१ वरून २७ झालं.

## टप्पा ७: अंथरूण आणि कातडी

औषध लागू पडेपर्यंत आणि काहींना कायमच हे करावं लागतं. मागच्या पायांमधले आणि शेपटीखालचे लांब केस कापून घ्या. सकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरड्या टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. कातडी लाल झाली, सोललेली दिसली किंवा ती सतत चाटू लागली की डॉक्टरांना दाखवा. लघवीने भाजलेली कातडी दोन दिवसांत पिकते.

चूक: बाळांचं रॅश क्रीम लावणं. बहुतेकांत झिंक ऑक्साइड असतं, कुत्री ते चाटते आणि झिंक पोटात जातं. कोरडी ठेवणं हाच खरा इलाज.

अंथरुणाला खाली प्लॅस्टिक, वर बेबी शीट आणि त्यावर पातळ गोधडी अशी घडी करा. जाड गादी ओली झाली की वाळत नाही आणि तिचा वास कधीच जात नाही. डायपर वापरायचा असेल तर शेपटीला छिद्र असलेला घ्या, रात्रीपुरता घाला आणि ओला झाला की काढा. दिवसभर घातलेला डायपर संसर्गाला आमंत्रण आहे.

## पुढची तपासणी

मात्रा ठरल्यानंतर सहा महिन्यांनी एकदा लघवी, रक्त आणि बीपी. त्याच वेळी तीन दिवसांचं पाणी पुन्हा मोजा. वर्षभर कोरडी असलेली कुत्री अचानक गळू लागली तर गोळी वाढवायची घाई करू नका. पहिल्या टप्प्यापासून पुन्हा या, कारण बहुतेक वेळा कारण बदललेलं असतं.

राणीच्या बाबतीत तसंच झालं. दोन वर्षं कोरडी होती, मग पावसाळ्यात एका आठवड्यात चार डाग. काकूंनी या वेळी गोळी न वाढवता आधी पाणी मोजलं, ते ठीक होतं. मग कल्चर केलं, त्यात संसर्ग निघाला. कल्चरप्रमाणे दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण झालं आणि चादर पुन्हा पांढरी राहिली. एस्ट्रिऑलची मात्रा तीच आहे, अर्धा मिलिग्रॅम.